आईचे ऑपरेशन आणि कंपनीचा विमा: तीन लाखांतले आपले किती?

वाचकाचे पत्र

मी तेवीस वर्षांचा असून खानापूर तालुक्यातील एका गावचा आहे. पाच महिन्यांपूर्वी बेळगावच्या उद्यमबागेतील एका कंपनीत लागलो. ही माझी पहिलीच नोकरी. आईच्या गर्भपिशवीत गाठी आहेत, अंगावरून फार जाते, म्हणून डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली आहे. हिमोग्लोबिन कमी असल्याने ऑपरेशन महिनाभराने होईल. रुग्णालयाने चार दिवसांसाठी १,१०,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. त्यात दिवसाला ५,००० रुपयांची स्वतंत्र खोली धरली आहे. एचआर म्हणतात, "तीन लाखांचा विमा आहे, आई-वडील त्यात आहेत, काळजी करू नका." पण पत्रकात "रूम रेंट १ टक्का" आणि "पालकांसाठी २० टक्के को-पे" असे छापले आहे. मला नक्की किती मिळेल? आईला स्वतंत्र खोली द्यावी अशी माझी फार इच्छा आहे. ती देऊ का?

— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर

तुमच्या एचआरने सांगितलेला तीन लाखांचा आकडा खरा आहे, पण या ऑपरेशनच्या हिशेबात त्याचा उपयोग फार थोडा आहे, कारण बिल त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. तुम्हाला किती पैसे मिळणार हे त्या मोठ्या मर्यादेच्या आत बसवलेल्या लहान मर्यादा ठरवतील, आणि त्यांतली सर्वांत महाग पडणारी मर्यादा म्हणजे तुम्ही आईसाठी मनात धरलेली ती स्वतंत्र खोली होय. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: पॉलिसीत बसत नसेल तर ती खोली घेऊ नका. असे का म्हणतो, ते तुमच्याच आकड्यांवरून दाखवतो.

रूम रेंट १ टक्का याचा अर्थ विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे तीन लाखांवर दिवसाला ३,००० रुपये. तुमची खोली ५,००० रुपयांची आहे. बहुतेक लोकांची समजूत अशी असते की वरचे दोन हजार आपण भरले की विषय संपला, आणि चार दिवसांचे आठ हजार रुपये बाजूला ठेवून ते निश्चिंत होतात. प्रत्यक्षात पॉलिसीत 'प्रपोर्शनेट डिडक्शन' नावाची तरतूद असते. रुग्णालयांत खोलीचा दर्जा वाढला की सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचे म्हणजे ओटीचे भाडे हेही वाढते, म्हणून विमा कंपनी खोलीच्या भाड्याला जे प्रमाण लागते तेच प्रमाण या खर्चांनाही लावते. ५,००० पैकी ३,००० मान्य, म्हणजे साठ टक्के. मग सर्जनच्या फीचेही साठ टक्केच मान्य होतात.

अंदाजपत्रकाची फोड साधारण अशी निघेल असे धरू: खोलीचे चार दिवसांचे २०,०००, सर्जन ३०,०००, भूलतज्ज्ञ १०,०००, ओटी १५,००० आणि डॉक्टरांच्या भेटी ५,००० असे मिळून ६०,०००, औषधे, साहित्य आणि तपासण्या ३०,०००. एकूण १,१०,०००. आता खोलीचे १२,००० मान्य होतील. साठ हजारांचे साठ टक्के म्हणजे ३६,००० मान्य होतील. औषधे आणि तपासण्यांना हे प्रमाण लावता येत नाही, कारण विमा नियामक आयआरडीएआयने २०२० सालीच औषधे, वापरून टाकायचे साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या यांना या कपातीतून बाहेर ठेवले आहे. पण हातमोजे, काही किट, नोंदणी शुल्क अशा पॉलिसीत न बसणाऱ्या बाबींचे चारेक हजार त्यातून जातीलच, म्हणजे २६,००० उरतील. एकूण मान्य रक्कम ७४,०००. तिच्यावर पालकांसाठीचा २० टक्के को-पे, म्हणजे मान्य रकमेतला तुम्ही स्वतः भरायचा वाटा, १४,८०० वजा. विमा कंपनी ५९,२०० रुपये देईल आणि तुमच्या खिशातून ५०,८०० रुपये जातील.

हेच ऑपरेशन ३,००० रुपयांच्या खोलीत झाले तर बिल १,०२,००० होईल. न बसणारे चार हजार सोडले की ९८,००० मान्य, त्यावर को-पे १९,६००, आणि विमा कंपनी ७८,४०० देईल. तुमच्याकडून २३,६०० जातील. खोलीच्या भाड्यात फरक आठ हजारांचा आणि तुमच्या खिशातला फरक २७,२०० रुपयांचा, म्हणजे जवळपास तुमच्या एका पगाराइतका किंवा कदाचित त्याहूनही अधिक. शिवाय खालच्या दर्जाच्या खोलीत सर्जनची आणि ओटीची आकारणीही बहुधा कमी असते. ती मी इथे मुद्दाम सारखीच धरली आहे, त्यामुळे खरा फरक याहून मोठा असू शकतो.

एक अपवाद मात्र तुमच्या बाजूचा आहे. ज्या रुग्णालयात खोलीनुसार फी बदलत नाही, सर्व वॉर्डांना एकच दर असतो, तिथे ही प्रमाणातली कपात लावता येत नाही. म्हणून रुग्णालयाच्या इन्शुरन्स डेस्कवर हे दोन प्रश्न सरळ विचारा: "या ऑपरेशनचे दर खोलीप्रमाणे बदलतात का?" आणि "दिवसाच्या भाड्यात नर्सिंगचे पैसे आहेत की वेगळे लागतात?" दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण अनेक पॉलिसींत एक टक्क्याच्या मर्यादेत खोली, जेवण आणि नर्सिंग हे तिन्ही धरलेले असतात. अशा वेळी २,७०० रुपयांची खोली आणि ४०० रुपयांचे नर्सिंग मिळून मर्यादा शंभर रुपयांनी ओलांडली जाते आणि कपात सुरू होते.

स्वतंत्र खोलीमागची तुमची भावना मला समजते. असे आजारपण आईने आजवर घरातही मोकळेपणाने बोललेले नसेल, आणि तिला परक्या माणसांच्या नजरेआड ठेवावे असे मुलाला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण तिला आवश्यक असलेला आडोसा दोन खाटांच्या, म्हणजे ट्विन शेअरिंग, महिलांच्या खोलीतही मिळतो. तिथली अडचण वेगळी असते: रात्री पुरुष नातेवाइकाला थांबू देतीलच असे नाही. त्यामुळे मावशी, आत्या किंवा बहीण यांपैकी कोण रात्री थांबणार हे आधी ठरवा. पहिल्या दोन रात्री उठता-बसताना आणि लघवीची नळी काढल्यावर आईला आधार लागेल, आणि तो मुलापेक्षा घरातल्या बाईकडून घेणे तिलाही सोपे जाईल.

आता तुमच्या पत्रकात न दिसणाऱ्या गोष्टीकडे वळतो, कारण मला खरी धास्ती तिचीच आहे. निपाणीकडील एक तरुण, तोही पहिल्याच नोकरीतला, आईच्या याच ऑपरेशनसाठी पैशांची जुळवाजुळव करत होता. त्याच्याजवळही तुमच्यासारखे एक पानाचे पत्रक होते आणि त्यावर रूम रेंट, को-पे एवढेच होते. त्याने एचआरकडे मूळ पॉलिसीची प्रत मागितली, तेव्हा मागच्या बाजूच्या तक्त्यात काही आजारांसमोर स्वतंत्र आकडे सापडले: मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातील खडे आणि गर्भपिशवी काढणे. गर्भपिशवीसमोर ६०,००० रुपये लिहिलेले होते. म्हणजे बिल कितीही झाले तरी त्या ऑपरेशनसाठी विमा कंपनीची जबाबदारी तेवढ्यावर थांबणार होती. त्याने पुढे विचारले की को-पे या साठ हजारांतून वजा होणार की आधी बिलातून को-पे वजा करून मग साठ हजारांची मर्यादा लावणार. उत्तर आले की साठ हजारांतून वजा होणार, म्हणजे हातात ४८,००० रुपये. त्याचा हिशेब तुमच्याच बिलावर मांडला तर ३,००० रुपयांच्या खोलीतही ५४,००० रुपये त्याला भरावे लागले असते. अनेक मोठ्या कंपन्यांच्या पॉलिसीत एचआरच्या शिफारशीने वापरता येणारी 'कॉर्पोरेट बफर' नावाची राखीव रक्कम असते. तिचीही त्याने चौकशी केली, पण त्याच्या पॉलिसीत ती गंभीर आजारांपुरतीच होती. शेवटी त्याने कंपनीकडून पगाराची आगाऊ रक्कम घेतली, दर महिन्याला थोडी कापून देण्याच्या बोलीवर. हे सर्व त्याला ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी कळले म्हणून जमले. डिस्चार्जच्या दिवशी कळले असते तर काउंटरवर उभे राहून सावकारी व्याजाने पैसे उचलण्याची वेळ आली असती.

तेव्हा उद्याच एचआरला तोंडी न विचारता ई-मेल करा आणि मूळ पॉलिसीच्या अटींची प्रत मागा. त्यात विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. आईच्या ऑपरेशनवर आजारनिहाय मर्यादा आहे का, आणि असेल तर को-पे तिच्या आधी लागतो की नंतर? पालकांसाठी पूर्ण तीन लाख उपलब्ध आहेत की त्यांची वेगळी, लहान रक्कम आहे, आणि रूम रेंटचा एक टक्का नेमका कोणत्या रकमेवर मोजायचा? पालकांची रक्कम दोन लाख असेल तर खोलीची मर्यादा २,००० वर येऊ शकते, आणि मग वरचा सारा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. तिसरी गोष्ट प्रतीक्षा काळाची. वैयक्तिक पॉलिसींत गर्भपिशवीच्या गाठींसारख्या आजारांना साधारण दोन वर्षे थांबावे लागते; तुमच्यासारख्या, कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या ग्रुप पॉलिसींत ही अट बहुधा माफ केलेली असते, परंतु ती तुमच्या पॉलिसीत माफ आहे असे लेखी वाक्य तुमच्या हाती असू द्या. आणि पॉलिसीचे वर्ष कोणत्या तारखेला संपते तेही विचारा, कारण नूतनीकरणात कंपन्या पालकांच्याच अटी सर्वांत आधी कडक करतात.

त्याच मेलमध्ये आईचे विम्याचे ई-कार्ड मागवा आणि त्यावरील नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्या सीमाभागात ही अडचण इतर ठिकाणांपेक्षा जास्त येते, कारण रेशन कार्ड कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत आणि आधारवर कन्नड व इंग्रजी असे एकाच बाईचे नाव तीन लिप्यांतून फिरलेले असते. त्यात कुठे माहेरचे नाव, कुठे वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव, कुठे आडनावाऐवजी गावाचे नाव लागलेले असते. रुग्णालय आधार पाहून अर्ज भरते आणि विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था, म्हणजे टीपीए, त्यांच्याकडील यादी पाहते. दोन्ही जुळले नाही तर मंजुरी अडते, आणि दुरुस्ती रुग्णालयातून होत नाही. ती एचआरने विमा कंपनीला कळवून करून घ्यावी लागते व तिला काही दिवस जातात. तुम्ही नोकरीला लागताना आईचे नाव दिले नसेल आणि नोंदणीची मुदत संपली असेल, तर नूतनीकरणापर्यंत ते घालता येणे कठीण असते. म्हणून "आई-वडील आहेत" या एचआरच्या शब्दावर न थांबता कार्ड डोळ्यांनी पाहा.

हिमोग्लोबिन वाढेपर्यंतचा महिनाही हिशेबात धरा. बहुतेक ग्रुप पॉलिसी दाखल होण्यापूर्वीच्या ३० दिवसांतला आणि घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांतला त्याच आजाराचा खर्च देतात. लोहाची इंजेक्शने, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या यांची बिले त्या तीस दिवसांत बसली तर ती मागता येतात. पाच-सहा आठवड्यांपूर्वी केलेली सोनोग्राफी बाहेर राहते. उपचार पैशांसाठी पुढे-मागे करू नका, पण प्रत्येक औषधाच्या बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडून ठेवा आणि मेडिकल दुकानातून आईच्या पूर्ण नावाचे छापील बिल मागून घ्या.

रुग्णालय टीपीएच्या नेटवर्कमध्ये आहे हे निश्चित झाल्यावर दाखल होण्याच्या तीन-चार दिवस आधी इन्शुरन्स डेस्कवर जाऊन पूर्वमंजुरीचा अर्ज भरून घ्या. त्यात "हा त्रास किती दिवसांपासून आहे" हा रकाना डॉक्टर आईला विचारून भरतात. बाया संकोचाने किंवा घाबरून "थोडे दिवस" असे सांगतात आणि जुन्या केसपेपरवर दोन वर्षे लिहिलेली असतात. अशी विसंगती दिसली की टीपीए प्रश्न विचारत बसते. आईला आधीच सांगा की खरे आहे तेच सांगायचे, कारण प्रतीक्षा काळ माफ असेल तर जुना त्रास सांगितल्याने काहीही बिघडत नाही. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या, म्हणजे विमा कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याच्या, अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय व्हायला हवा. सुरुवातीची मंजुरी अंदाजपत्रकापेक्षा कमी रकमेची आली तर घाबरू नका. अंतिम बिल गेल्यावर ती वाढवून मिळते. मात्र को-पे आणि न बसणाऱ्या बाबींसाठी रुग्णालय दाखल होतानाच अनामत रक्कम मागेल, तेव्हा तुमच्या हिशेबात आलेले २५,००० ते ५५,००० रुपये, मर्यादा असेल किंवा नसेल त्याप्रमाणे, त्या दिवशी खात्यात असू द्या.

आजारनिहाय मर्यादा निघाली आणि फरक झेपत नसेल, तर घरात बीपीएल कार्ड आहे का ते पाहा. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण त्यासाठी आधी सरकारी रुग्णालयात जावे लागते आणि खासगी रुग्णालयात जायचे तर तिथूनच रेफरल घ्यावे लागते. बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात आईला एकदा दाखवून हा पर्याय विचारून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले, आणि गावातले कोणी ना कोणी तुम्हाला त्याबद्दल सांगेलच. पण हा विषय दोन राज्यांच्या वादात सापडलेला आहे. तुमचे गाव, आईचे ऑपरेशन आणि तुम्ही निवडलेले रुग्णालय या तिन्हींना योजना लागू असल्याचे रुग्णालयाकडून लेखी मिळाल्याखेरीज तिच्या भरवशावर तारीख ठरवू नका.

ऑपरेशननंतर काढलेली पिशवी तपासणीला जाते आणि तिचा अहवाल यायला आठवडा-दहा दिवस लागू शकतात, म्हणजे त्या तपासणीचे बिल बहुधा डिस्चार्जनंतर हाती येते. ते बिल, टाके दाखवायला गेल्याची फी आणि नंतरची औषधे ही साठ दिवसांच्या खर्चात बसतात, पण कॅशलेसमध्ये येत नाहीत. त्यांचा वेगळा परतावा-दावा टीपीएकडे पाठवावा लागतो आणि त्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते. डिस्चार्ज समरीची प्रत, अंतिम बिलाची प्रत आणि कॅशलेसच्या अंतिम मंजुरीचे पत्र या तीन गोष्टी रुग्णालय सोडतानाच मागून घ्या. आणि त्या दरम्यान दुसरी नोकरी मिळाली तरी हा दावा निकाली निघेपर्यंत राजीनाम्याची तारीख जपून ठरवा, कारण ग्रुप विमा तुमच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो आणि त्यानंतर झालेला खर्च त्यात बसेल का, याचे उत्तर प्रत्येक पॉलिसीत सारखे नसते.